महिना ८ टक्के

प्रिय निखिल,

तू पाठवलेला करार वाचला. १ लाख गुंतवायचे, दरमहा ८ हजार घ्यायचे आणि दीड वर्षाने मुद्दलही परत. तुझ्या मित्राला सहा महिने १ तारखेला बिनचूक पैसे मिळतायत, हा तुझा सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहितो.

समज, १०० जणांनी एकेक लाख दिले. १ कोटी जमले. ५ लाख एजंटांना वाटले, उरले ९५ लाख. दरमहा सगळ्यांचे मिळून ८ लाख द्यायचे. त्या माणसाने शेअर बाजाराचं तोंडही पाहिलं नाही, एक रुपयाही कमावला नाही, तरी ११ महिने तो सगळ्यांना वेळेवर हप्ता देऊ शकतो. म्हणजे तुझ्या मित्राला मिळालेले ४८ हजार त्याच्याच लाखातले असू शकतात. वर्ष संपायच्या आत आणखी लोक आले की त्यांच्या पैशातून जुन्यांचे हप्ते निघतात, पण दरमहाचं देणंही तेवढंच वाढतं. नवे येणं मंदावलं की हप्ता थांबतो. मग ‘बँकेचं सर्व्हर बंद आहे’ वगैरे सुरू. बॉस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देत होता. पहिल्या लोकांना तो खरंच मिळाला, आणि त्यांनीच गावभर सांगितलं. त्याच वर्षी त्याला अटक झाली.

आता त्या माणसाच्या बाजूने बघ. ट्रेडिंगमध्ये खरोखर महिना ८ टक्के सुटत असतील, तर १ लाख नफ्यासकट फिरवत ठेवले की दहा वर्षांत १०० कोटींवर जातात. अशा माणसाला तुझा लाख कशाला हवा? बँक त्याला वर्षाला १२-१४ टक्क्यांनी कर्ज देईल. तो तुला वर्षाला ९६ टक्के का मोजतोय?

स्टॅम्प पेपर, नोटरी, पुढच्या तारखांचे चेक यांनी भुलू नकोस. खातं रिकामं असेल तर चेक वटत नाही, आणि नोटरी फक्त सह्या तपासतो, धंदा नाही. कंपनी नोंदणीचा दाखला म्हणजे ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. शिवाय पत्रकावर ‘सेबी नोंदणीकृत’ आणि ‘खात्रीशीर परतावा’ शेजारी शेजारी छापलंय. सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला परताव्याची हमी देताच येत नाही, त्यामुळे यातलं एक तरी खोटं आहे. नोंदणी क्रमांक माग आणि सेबीच्या यादीत स्वतः शोध.

दोन मित्र आणलेस तर तुला ५ टक्के कमिशन, असंही लिहिलंयस. २०१९ च्या कायद्याने अशा बेकायदा ठेव योजनांवर बंदी आहे, आणि दिशाभूल करून दुसऱ्याला त्यात ओढणाराही गुन्हेगार ठरतो. मित्रांशी अजून बोलला नसशील तर बोलू नकोस.

पर्सनल लोनचा अर्ज केला असशील तर उद्याच रद्द कर. ताईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा