बिल मंजूर, पैसे कधी?

भोसरीतला एक छोटा कारखाना मोठ्या वाहन कंपनीला लोखंडी ब्रॅकेट पुरवतो, असं समजा. बिल 10 लाखांचं आहे. पैसे 45 दिवसांनी येणार, पण पत्र्याचा व्यापारी आणि कामगार तोवर थांबणार नाहीत. म्हणून मालक बँकेकडे जातो: हे बिल ठेवून घ्या, व्याज कापा आणि उरलेले पैसे आज द्या. यालाच बिल डिस्काउंटिंग म्हणतात.

बँक बिलापेक्षा खरेदीदाराची कबुली बारकाईनं वाचते, आणि अर्ज बहुधा तिथेच अडतो. ‘माल मिळाला’ हा गेटवरचा शिक्का पुरत नाही. माल तपासून स्वीकारला, अमुक रक्कम अमुक तारखेला आणि तुमच्याच बँकेतल्या खात्यात देऊ, असं अधिकृत सहीनं यायला हवं. आपल्या उदाहरणात तपासणीत 40 हजारांचा माल नाकारला गेला, त्यामुळे कबुली 9 लाख 60 हजारांचीच आली. मालकानं तरीही 10 लाखांवर पैसे मागितले, तर शेवटी डेबिट नोट निघते, वसुली कमी पडते आणि बँकेचा पुढच्या बिलांवरचा विश्वास उडतो.

आता हिशेब. मुदतीचे 40 दिवस उरलेत आणि व्याजदर वर्षाला 9 टक्के धरला, तर सुमारे 9,470 रुपये कापले जातील. फी सोडली तर हातात साडेनऊ लाख येतील.

पण हेच येणं कॅश क्रेडिटसाठी आधीच तारण असेल, तर ते स्टॉक स्टेटमेंटमधून वगळावं लागतं. त्यावर 25 टक्के मार्जिन असेल, तर 7 लाख 20 हजारांची उचल-मर्यादा कमी होते. ती पूर्ण वापरलेली असेल, तर प्रत्यक्षात वाढलेली रोकड जेमतेम 2 लाख 30 हजार. कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेचं असेल तर तिचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे उचलणं ही फसवणूकच ठरते.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न मालकानं सही करण्यापूर्वी विचारायचा: कंपनीनं पैसे दिलेच नाहीत तर? नेहमीच्या डिस्काउंटिंगमध्ये बँक बहुधा पुरवठादाराकडूनच वसूल करते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या ट्रेड्स मंचावर तसं नाही. तिथे खरेदीदारानं बिल ऑनलाइन मान्य केल्यावर बँका बोली लावतात आणि पैसे बुडाले तरी पुरवठादाराकडे परत येत नाहीत. माझ्या मते, मोठी कंपनी तिथे नोंदलेली असेल तर आधी तिथलाच दर पाहावा. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ही नोंदणी आता सक्तीची आहे. अडचण एवढीच, की नोंदणी झाली म्हणून कंपनीनं बिल वेळेत मान्य केलंच पाहिजे असं नाही. त्यासाठी तिच्या लेखा विभागाचा पाठपुरावा मालकालाच करावा लागतो.