सात दिवसांचे मौन

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत बहुधा पहिलाच असतो, आणि तेथे सभासद न वाचताच माना डोलावतात. कंपनीच्या संचालक मंडळात मात्र इतिवृत्त मान्य होण्याचे काम पुढील सभेपर्यंत थांबत नाही. पुढील सभा त्याची केवळ दखल घेते. प्रत्यक्ष मान्यता मिळते ती कंपनी सचिवाने संचालकांना पाठवलेल्या एका पत्राने, ज्यासोबत इतिवृत्ताचा मसुदा असतो आणि त्यावर लेखी सूचना मागवलेल्या असतात.

या पत्राचा आधार दुहेरी आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 118 नुसार सभा संपल्यापासून 30 दिवसांत इतिवृत्त पुस्तकात नोंदवावे लागते. आणि याच कलमाने बंधनकारक केलेले, कंपनी सचिवांच्या राष्ट्रीय संस्थेने घालून दिलेले संचालक मंडळाच्या सभांविषयीचे पहिले सचिवीय मानक सांगते की, मसुदा 15 दिवसांत सर्व संचालकांकडे गेला पाहिजे आणि त्यांनी तो पाठवल्यापासून सात दिवसांत आपले म्हणणे कळवावे. जो संचालक त्या मुदतीत काहीच कळवत नाही, त्याने मसुदा मान्य केला असे समजले जाते. घरच्या बैठकीत गप्प बसणे म्हणजे नाराजी असू शकते. येथे मात्र मौन म्हणजे संमती, आणि तीही नियमाने ठरलेली.

पुण्यातील शिवाजीनगरला नोंदणीकृत कार्यालय असलेल्या एका कल्पित कंपनीचे उदाहरण घेता येईल. तिच्या मंडळाची सभा 3 जून 2025 रोजी झाली आणि चाकणच्या कारखान्याच्या विस्तारासाठी 12 कोटी रुपयांचे कर्ज घेण्याचा ठराव झाला. मसुदा 18 जूनपर्यंत जायला हवा. सचिवाने तो 12 जूनला ईमेलने पाठवला आणि पत्रात 19 जून ही शेवटची तारीख स्पष्ट लिहिली. सभेला गैरहजर असलेल्या संचालकालाही तो गेला, आणि 10 जूनला राजीनामा दिलेल्या संचालकालाही गेला, कारण सभेनंतर पद सोडणाऱ्यालाही त्या सभेचा मसुदा मिळण्याचा व त्यावर सूचना करण्याचा हक्क मानकाने राखून ठेवला आहे.

उत्तरे दोन आली, आणि या पत्रव्यवहाराचे मर्म त्या दोहोंच्या फरकात आहे. पहिल्या संचालकाने लिहिले की, मसुद्यात ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव मंजूर’ एवढेच आहे, पण कारखान्याची जमीन तारण ठेवण्यास त्याने सभेतच विरोध केला होता. सचिवाची सभेतील टिपणे त्याला दुजोरा देतात. ठरावाला असहमत असणाऱ्या संचालकाचे नाव इतिवृत्तात येणे कलम 118 नुसारच आवश्यक असल्याने ही दुरुस्ती करावीच लागते. दुसऱ्या संचालकाने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. आता त्याने आपणही व्याजदराबद्दल शंका व्यक्त केली होती, असे वाक्य घालण्यास सांगितले. टिपणांत तसे काही नाही आणि इतर कोणाला आठवतही नाही. इतिवृत्त हे सभेत काय घडले याची नोंद आहे, घरी गेल्यावर काय सुचले याची नव्हे. त्यामुळे ही सूचना स्वीकारता येत नाही, मात्र ती शंका पुढील सभेत मांडण्यास त्याला पूर्ण मोकळीक असते.

असा आग्रह केवळ मानापोटी धरला जातो असे नाही. स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेला संचालक, त्याला माहीत असलेल्या व त्याच्या संमतीने झालेल्या कृत्यांबद्दल, तसेच जेथे त्याने दक्षता बाळगली नाही तेथे जबाबदार ठरतो. काही वर्षांनंतर प्रश्न उपस्थित झाला तर त्याच्या भूमिकेचा पुरावा म्हणून इतिवृत्तातील ते एक वाक्य उघडले जाते. तथापि प्रत्येक वाक्य आत येत नाही: सभेचा अध्यक्ष बदनामीकारक, अप्रस्तुत वा कंपनीच्या हितास बाधक वाटणारा मजकूर स्वतःच्या अधिकारात वगळू शकतो, आणि सात दिवसांनंतर आलेल्या सूचनेचा विचार करणेही, मंडळाने तसा अधिकार दिला असल्यास, त्याच्याच मर्जीवर असते.

दुरुस्त मजकूर 3 जुलैपर्यंत पुस्तकात नोंदवला जातो, आणि त्यानंतर त्यात फेरफार करायचा तर पुढील सभेत मंडळाची स्पष्ट मंजुरी लागते. अध्यक्ष प्रत्येक पानावर आद्याक्षरे घालतो आणि शेवटच्या पानावर स्थळ व तारखेसह सही करतो. सहीनंतर 15 दिवसांत साक्षांकित प्रत संचालकांकडे जाते. मसुदा पाठवल्याचा आणि तो पोहोचल्याचा पुरावा मात्र सभेच्या तारखेपासून किमान तीन वर्षे जपावा लागतो, कारण एखाद्या संचालकाने पुढे ‘पत्र मिळालेच नव्हते’ असे म्हटले, तर त्याचे मौन संमती ठरले की नाही, हे त्या ईमेलच्या नोंदीवरूनच ठरते.