रॉटरडॅम उघडतं दुपारी

नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल या हंगामात न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जातात. हिवाळ्यात तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा निफाडच्या पॅकहाऊसमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो. त्यामुळे आपली अख्खी सकाळ उत्तराची वाट बघण्यात जाते आणि त्यांची उत्तरं येऊ लागतात तेव्हा आपल्याकडे घरी निघायची वेळ होते.

बिल ऑफ लेडिंगसाठी जहाज कंपनीला माहिती द्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपते, असं धरू. माल कुणाच्या नावे आणि जहाज पोहोचल्याची वर्दी कुणाला, हे खरेदीदाराने कळवायचं असतं. मुदतीनंतर दुरुस्ती करायची तर सहसा जादा पैसे पडतात. आता उलटं मोजा. फॉरवर्डरला दोन तास, आपल्या तपासणीला अर्धा तास, म्हणजे उत्तर साडेतीनला हातात हवं. तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात. नऊला येणाऱ्या माणसाला त्यासाठी दोनच तास मिळतात, आणि तो त्या दिवशी रजेवर असला तर संपलंच. म्हणून अंतिम मुदत गुरुवारी, डच वेळेने दुपारी दोनची ठरवावी. शुक्रवारची सकाळ फोनाफोनीसाठी राखीव राहते.

रोजच्या पत्रव्यवहारालाही असाच वेळ बांधून घेतात. आपला मेल एकच्या आत जातो, त्यांचं उत्तर त्यांच्या बारापर्यंत येतं. आपला दुसरा प्रश्न साडेपाचपर्यंत गेला, तर तो त्यांच्या दुपारी एकला पोहोचतो आणि त्याच दिवशी निकालात निघतो. एका मेलमध्ये पाच प्रश्न घातले, तर सोप्या दोघांचीच उत्तरं येतात, हा अनुभव बहुतेकांचा. विषयाच्या ओळीत दोन्ही घड्याळं लिहावीत:

`URGENT: reply by Thu 26 Mar, 14:00 Amsterdam / 18:30 India`

`URGENT` हा शब्द कंटेनर अडकणार असेल तेव्हाच वापरायचा आणि पाठोपाठ फोनही करायचा. उत्तर आलंच नाही तर काय, हे हंगामाआधीच लेखी ठरवावं. खोक्यावरच्या लेबलसाठी आधीची मंजुरी चालेल. मालकाच्या नावात मात्र त्यांच्या लेखी होकाराशिवाय एक अक्षरही बदलायचं नाही.

खरी गोची मार्चअखेरीस होते. 29 मार्च 2026 ला युरोपची घड्याळं एक तास पुढे जातात आणि अंतर साडेतीन तासांवर येतं. त्यांची दुपारची दोनची वेळ आता आपल्याकडे साडेपाचला येते. कॅलेंडरमध्ये `GMT+1` निवडलं असेल तर आठवण तासभर उशिरा वाजेल. `Europe/Amsterdam` निवडलं की बदल आपोआप होतो. सुट्ट्या मात्र हातानेच टिपाव्या लागतात: आपला 19 मार्चचा गुढीपाडवा नेमका गुरुवारी येतो आणि त्यांचा ईस्टर सोमवार 6 एप्रिलला.