घरमालकाच्या वायफायवर त्यांना काय दिसतं?

पीजीत राहणाऱ्या भाचीनं विचारलं, "मामा, वायफाय काकूंचं आहे. मी काय बघते ते त्यांना कळतं का?"

समजा, तिनं मराठी विकिपीडियावर एका आजाराचा लेख उघडला. फोन आधी त्या साइटचा पत्ता विचारतो. ही डीएनएसची विचारणा बहुधा उघडीच राउटरमधून जाते. म्हणून mr.wikipedia.org हे नाव, वेळ आणि कोणता फोन, एवढं राउटरला कळू शकतं.

लेख कोणता, ते मात्र नाही. https मुळे नावापुढचा पत्ता, शोधलेले शब्द, पासवर्ड, मजकूर सगळं कुलूपबंद असतं.

इन्कॉग्निटोनं इथे काहीच फरक पडत नाही; तो फक्त फोनमधली हिस्ट्री ठेवत नाही. अँड्रॉइडमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' विचारणा झाकतं, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेकदा पुन्हा उघडं जातं. व्हीपीएन लावलं तर राउटरला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो. साइटची नावं मग व्हीपीएनवाल्याला दिसतात.

अर्थात, दिसू शकणं वेगळं आणि नोंद राहणं वेगळं. बऱ्याच साध्या राउटरमध्ये जोडलेल्या फोनची यादीच मिळते. साइटची नोंद मुद्दाम चालू करावी लागते, तीही सोय असली तर.

तुमच्या राउटरबद्दल काही शंका असेल तर कमेंटमध्ये मॉडेल लिहा, नक्की सांगतो.