पॉलिहाऊसचा पेपर नेमका किती लागतो?

पॉलिहाऊसचा लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो, पण त्यावरचं प्लॅस्टिक तीन-चार पावसाळ्यांनंतर बदलावंच लागतं. शेतकरी त्याला सरळ ‘पेपर’ म्हणतात. पेपर बदलायची वेळ आली की दोन दुकानांतून दरपत्रकं येतात आणि एकाच पॉलिहाऊससाठी दोन वेगळे आकडे समोर पडतात. एक म्हणतो बाराशे चौरस मीटर, दुसरा म्हणतो दोन हजार. यातलं खोटं कोणीच बोलत नसतं. एकाने फक्त छप्पर धरलेलं असतं, दुसऱ्याने पडदे आणि कडाही. जागा आपण गुंठ्यांत मोजतो, अनुदानही जमिनीवरच्या चौरस मीटरवर ठरतं. पेपर मात्र कमानीवरून जातो. हा फरक लक्षात आला की बाकीचा हिशोब टेप आणि साध्या कॅल्क्युलेटरवर होतो.

उदाहरणासाठी 24 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब पॉलिहाऊस घेऊ. जमीन 960 चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेनऊ गुंठे. रुंदीत 8 मीटरच्या तीन कमानी आहेत. जिथे दोन कमानी मिळतात तिथे पाण्याचं गटर आहे आणि ते जमिनीपासून 4 मीटर उंच आहे. कमानीचा माथा 6 मीटरवर आहे. म्हणजे गटरपासून माथ्यापर्यंतचा उठाव 2 मीटर. पेपरच्या हिशोबातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि दरपत्रकात तो सहसा लिहिलेला नसतो.

या कमानीवरून किती लांबीचा पेपर जाईल? रुंदी 8 म्हणून 8 मीटर धरला, तर पेपर अर्थातच अपुरा पडतो. काही जण कमानीला घराच्या कौलारू छपरासारखं त्रिकोणी समजून दोन तिरप्या बाजू काढतात; त्यातून 8.94 मीटर येतात. कमान त्या तिरप्या रेषेच्या बाहेर फुगलेली असते, म्हणून हाही आकडा कमीच. काही जण उलट टोकाला जाऊन कमान म्हणजे अर्धवर्तुळ असं मानतात आणि 12.57 मीटर काढतात. पण 8 मीटर रुंदीचं अर्धवर्तुळ व्हायला उठाव 4 मीटर लागतो, आपला आहे निम्मा. इथे पेपर एक-तृतीयांशाहून जास्त वाढीव घेतला जातो.

खरं म्हणजे ही कमान एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे. आपल्या उदाहरणात त्या वर्तुळाची त्रिज्या बरोबर 5 मीटर येते आणि कमानीची लांबी 9.27 मीटर. रोजच्या कामाला एक सोपं सूत्र पुरतं:

कमानीची लांबी = रुंदी + (8 × उठाव × उठाव) ÷ (3 × रुंदी)

आकडे घातले तर 8 + 32 ÷ 24, म्हणजे 9.33 मीटर. अचूक उत्तरापेक्षा फक्त 6 सेंटिमीटर जास्त, आणि जास्तीच्या बाजूला चुकलेलं बरं. मात्र उठाव रुंदीच्या पाव भागापेक्षा खूप वाढला की हे सूत्र फुगीर उत्तर देतं. पूर्ण अर्धवर्तुळाला ते 13.33 मीटर सांगतं, खरी लांबी 12.57 असताना. सांगाडा उभा असेल तर सूत्राचीही गरज नाही. एका गटरपासून दुसऱ्या गटरपर्यंत कमानीच्या पाइपवरून टेप फिरवा. पण एकच कमान मोजून थांबू नका. पहिली, मधली आणि शेवटची मोजा. वाऱ्याने किंवा वजनाने पाइप वाकला असेल तर फरक तिथेच कळतो.

आता छप्पर: 9.27 × 40 × 3, म्हणजे 1,113 चौरस मीटर. जमिनीपेक्षा सोळा टक्के जास्त. कागदावर हा आकडा बरोबर आहे, पण एवढाच पेपर मागवला तर काम अडेल. कारण पेपर चौरस मीटरने पसरत नाही, पन्ह्याने पसरतो. पेपर गटरच्या दिशेने लांब सोडतात आणि त्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीत नागमोडी स्प्रिंगने दाबून बसवतात. दाबायला प्रत्येक कडेला किमान 15 सेंटिमीटर पेपर हवा. म्हणजे अख्ख्या कमानीला 9.57 मीटर पन्हा लागतो. 9 मीटर पन्ह्याचा रोल घेऊन ठेवला असेल, तर क्षेत्रफळ कितीही जुळलं तरी तो पोचत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक पॉलिहाऊसना माथ्यावर गरम हवा बाहेर जायला तोंड असतं. त्यामुळे प्रत्येक कमानीचं छप्पर दोन तुकड्यांत येतं आणि पन्ह्याचा प्रश्न सोपा होतो. अर्धी कमान 4.64 मीटर, दोन्ही कडांचे 30 सेंटिमीटर मिळवले की 4.94. पाच मीटरचा पन्हा काठावर बसतो. पण तोंडावरची बाजू थोडी पुढे झुकलेली असते आणि तिची लांबी काही सेंटिमीटर वाढते; ती वेगळी टेपने मोजायची. म्हणून 5.5 मीटरचा पन्हा धरणं सुरक्षित. लांबीत दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर सोडून 41 मीटर. असे सहा तुकडे: 5.5 × 41 × 6, म्हणजे 1,353 चौरस मीटर. 1,113 आणि 1,353 यांच्यातला फरक म्हणजे पन्हा आणि कडा. कापून उरलेल्या पट्ट्या फेकू नका, ठिगळाला त्याच लागतात.

पुढे भिंती. पॉलिहाऊसचा घेर 128 मीटर. खालच्या एक मीटरला पेपरचा ॲप्रन असतो. त्याची खालची कड मातीत पुरायची, म्हणून 1.2 मीटर धरले तर 154 चौरस मीटर. त्यावर गटरपर्यंतची 3 मीटर उंची कीडरोधक जाळीची आणि बाहेरून गुंडाळता येणाऱ्या पडद्याची. पडदा पाइपला गुंडाळायचा असतो आणि बंद केल्यावर खाली-वर चढायला हवा, म्हणून 3.4 मीटर: 435 चौरस मीटर. जाळीला फक्त दाबायची कड हवी, 3.2 मीटरने 410 चौरस मीटर. माथ्याच्या तोंडांची जाळी वेगळी: तोंड एक मीटर उंच असेल तर तीन कमानींचे 120.

पुढच्या-मागच्या भिंतींवर गटरच्या वर कमानीच्या आकाराचे सहा तुकडे राहतात. एकाचं खरं क्षेत्रफळ 11.18 चौरस मीटर. पण गोल तुकडा कापायला चौकोनच पसरावा लागतो. 8.4 बाय 2.4 मीटर धरला तर एका तुकड्याला 20, सहांना 121 चौरस मीटर पेपर खर्ची पडतो. वक्र छपराने नासाडी होते ती इथे, आणि दरपत्रकात विसरलं जातं तेही इथेच.

सगळी बेरीज: छप्पर 1,353, पडदे 435, ॲप्रन 154, कमानीच्या भिंती 121. एकूण 2,063 चौरस मीटर. जमिनीच्या दुपटीहून थोडं जास्त.

शेडनेटचा हिशोब याच्या अगदी उलट चालतो. पॉलिहाऊसच्या आत शेडनेट गटरच्या उंचीवर तारांवर आडवं पसरतात, कमानीवर नाही. म्हणून त्याला वक्राशी काही देणंघेणं नाही. पाया 960 चौरस मीटरच. मात्र ते एकसंध नसतं. दर 4 मीटरवर खांबांची रांग असते आणि प्रत्येक खणाचं नेट वेगळं सरकतं. नेट पूर्ण पसरल्यावर शेजारच्या खणावर चढलं नाही तर उन्हाची पट्टी सरळ पिकावर पडते, म्हणून 4 ऐवजी 4.3 मीटर. दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटर खाली सोडायचे, म्हणून 24 ऐवजी 24.6. असे दहा खण: 1,058 चौरस मीटर. कमी पन्ह्याचं नेट शिवून जोडणार असाल तर प्रत्येक शिवणीला आणखी दहा सेंटिमीटर धरा. नेट 50 टक्के सावलीचं असो की 75 टक्के, क्षेत्रफळ तेच राहतं. उन्हाळ्यात कोणी तेच नेट बाहेरून छपरावर टाकत असेल, तर मात्र ते कमानीवरून जातं आणि 1,113 चौरस मीटर अधिक कडा असा हिशोब पुन्हा लागू होतो.

क्षेत्रफळ काढल्यावर त्याचा आणखी एक उपयोग होतो: पेपरची जाडी तपासता येते. पॉलिहाऊसला सर्रास 200 मायक्रॉनचा पेपर वापरतात. या प्लॅस्टिकची घनता साधारण 0.92 असते, म्हणून 200 मायक्रॉनच्या एका चौरस मीटरचं वजन 184 ग्रॅम भरतं. आपला छपराचा एक तुकडा 5.5 × 41, म्हणजे 225.5 चौरस मीटर. त्याचं वजन साडेएकेचाळीस किलोच्या आसपास हवं. काट्यावर तो 36 किलो भरला, तर जाडी 174 मायक्रॉनच आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. वजन करताना आतली नळी वजा करायला विसरू नका. रुंद पेपर घडी घालून गुंडाळलेला येतो, तेव्हा पन्हा मोजायचा तो घडी उलगडून. नाहीतर आकडा निम्मा किंवा चौथाई निघतो.

माप चुकल्याच्या खुणा काही आठवड्यांतच दिसतात. अपुरा पेपर ओढून बसवला की स्प्रिंगच्या रेषेवर तो पातळ होतो आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात तिथूनच सरळ रेषेत फाटतो. जास्तीचा पेपर न ताणता तसाच दाबला की दुपारी उन्हाने आणखी सैल होतो, वाऱ्यात पाइपवर आपटत राहतो आणि पावसात दोन कमानींच्या मध्ये पाण्याच्या पखाली लोंबतात. म्हणून पेपर वारा पडलेला असताना, फार थंड किंवा फार तापलेल्या वेळी नव्हे, तर मध्यम उन्हात चढवतात.

दरपत्रक मागताना नुसतं ‘दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस’ असं सांगू नका. कमानीची रुंदी, उठाव, गटरची उंची आणि लांबी लिहून द्या. उत्तरात छप्पर, पडदे, ॲप्रन आणि कमानीच्या भिंती यांचे चौरस मीटर वेगवेगळे, रोलचा पन्हा, मायक्रॉन आणि एकूण वजन लिहून मागा. आपल्या उदाहरणात ते वजन सुमारे 380 किलो यायला हवं. त्याहून बरंच कमी आलं, तर पैसे देण्याआधी कुठला भाग धरलेला नाही ते विचारा.