थांबलेले विभाजन: पस्तिशीनंतरचे स्त्रीबीज

स्त्रीबीजाचे वय त्या स्त्रीच्या वयापेक्षा काही महिने जास्तच असते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजकोषांत बीजे तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांपर्यंत जाते आणि तेथून ती फक्त घटत जाते. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने बनत राहतात, स्त्रीच्या शरीरात मात्र जन्मानंतर नवे बीज तयार होत असल्याचा भक्कम पुरावा नाही. सदतिसाव्या वर्षी बीजकोषातून बाहेर पडणारे बीज सदतीस वर्षांहून अधिक काळ तेथेच थांबलेले असते.

पस्तिशीनंतर दिवस राहायला वेळ का लागतो, याचे मुख्य उत्तर या थांबण्यात आहे. बीजाला आपली ४६ गुणसूत्रे निम्मी करून २३ वर आणायची असतात. हे विभाजन जन्माआधीच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना बिलगलेल्या अवस्थेत राहतात आणि त्या-त्या महिन्यात ते बीज पिकले, तरच काम पुढे सरकते. इतकी वर्षे या जोड्यांना धरून ठेवण्याचे काम कोहेसिन नावाची प्रथिने करतात. ती गुणसूत्रांभोवती कड्यांसारखी असतात. ही कडी गर्भावस्थेतच बसवली जातात, आणि पुढे झिजलेल्या कड्यांची जागा नवी कडी पुरेशा प्रमाणात घेत नाहीत, असे उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. वय वाढते तसा हा बांध सैल पडत जातो. मग ऐन विभाजनाच्या वेळी जोडी वेळेआधी सुटते, किंवा तिचे दोन्ही भाग एकाच बाजूला ओढले जातात. बीजात एखादे गुणसूत्र जास्त येते किंवा एखादे कमी पडते.

अशा बीजाचेही फलन होऊ शकते. मात्र बहुतेक वेळा त्यापासून झालेला भ्रूण काही दिवसांतच वाढायचा थांबतो किंवा गर्भाशयात रुजतच नाही. स्त्रीला यातले काहीच कळत नाही, पाळी नेहमीसारखी येते. थोडे भ्रूण रुजतात, चाचणी होकारार्थी येते आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतो. अगदी मोजके पूर्ण वाढतात. २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असलेले मूल, म्हणजे डाउन सिंड्रोम, हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. रिकामा गेलेला महिना, गर्भपात आणि डाउन सिंड्रोम या तीन वेगवेगळ्या भीती मानल्या जातात, पण वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढण्यामागे प्रामुख्याने हे एकच कारण आहे. म्हणूनच वाढत्या वयातल्या गर्भपातानंतर ‘जड उचललं’, ‘प्रवास केला’ असा जो दोष त्या स्त्रीच्या माथी मारला जातो, तो बहुतेक वेळा पूर्णपणे चुकीचा असतो. आयव्हीएफ प्रयोगशाळांत तपासलेल्या भ्रूणांपैकी गुणसूत्रांत दोष असलेले भ्रूण पस्तिशीत साधारण एक तृतीयांश असतात, चाळिशीत निम्म्याहून जास्त आणि चव्वेचाळिशीच्या आसपास बहुतांश.

यात दोष बीजाचाच असतो, गर्भाशयाचा फारसा नसतो, हे दात्या स्त्रीच्या बीजांमुळे स्पष्ट झाले. पंचविशीतल्या दात्रीचे बीज वापरून चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात भ्रूण सोडला, तर तो रुजण्याची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयानुसार ठरते. गर्भाशय त्या वयातही बऱ्याच अंशी आपले काम करतो. गर्भारपणातला रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा धोका मात्र आईच्या स्वतःच्या वयाबरोबर वाढतोच.

महिन्याची शक्यता नेमकी किती, हे मोजणे अवघड असते, कारण वयाबरोबर नवऱ्याचे वय आणि शरीरसंबंधांची वारंवारता याही गोष्टी बदलतात. फ्रान्समधल्या एका अभ्यासात ही अडचण टळली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेकोस या शुक्रजंतू-पेढ्यांच्या जाळ्यातल्या २,१९३ स्त्रिया होत्या. त्यांच्या पतींच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते, म्हणून दात्याचे वीर्य ठरलेल्या दिवशी गर्भाशयमुखाशी सोडले जाई. बारा चक्रांनंतर तिशीपर्यंतच्या स्त्रियांत शंभरातल्या सुमारे ७४ जणींना दिवस राहिले होते, ३१ ते ३५ या वयात सुमारे ६१ जणींना आणि पस्तिशीपुढे सुमारे ५४ जणींना. घसरण खरी होती, पण पस्तिसाव्या वाढदिवशी दार बंद होते असे काही दिसले नाही.

नैसर्गिक गर्भधारणेत पंचविशीतही महिन्याची शक्यता चारात एक एवढीच धरली जाते. सदतिशीच्या आसपास ती दहात एक मानून हिशेब करून पाहता येतो. अशी शंभर जोडपी घेतली, तर पहिल्या महिन्यात दहा जणींना दिवस राहतील. उरलेल्या नव्वदांपैकी दुसऱ्या महिन्यात नऊ, मग एक्याऐंशींपैकी आठ. सहा महिन्यांत हा आकडा ४७ वर जातो आणि वर्षअखेरीस ७२ वर. त्यांतल्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याचा गर्भपात होईल, म्हणजे जन्मापर्यंत पंचावन्नच्या आसपास जणी पोहोचतील. शक्यता महिन्याला वीसात एक धरली, जशी ती चाळिशीत धरतात, तर वर्षभरानंतरही निम्म्याहून अधिक जोडपी वाट पाहत राहतील.

या हिशेबात एक त्रुटी आहे. तो सगळी जोडपी सारखीच धरतो. प्रत्यक्षात ज्यांची शक्यता चांगली असते त्यांना लवकर दिवस राहतात, आणि सहा महिन्यांनंतर मागे उरलेल्यांत नळी बंद असणे, एंडोमेट्रिओसिस किंवा शुक्रजंतू कमी असणे अशा अडचणी असलेल्यांचे प्रमाण वाढते. म्हणूनच एरवी वर्षभर प्रयत्न करायला सांगणारे डॉक्टर पस्तिशीनंतर सहाच महिन्यांनी दोघांचीही तपासणी सुचवतात, आणि चाळिशीनंतर लगेचच. वीर्यतपासणी सर्वांत सोपी, तरी घरोघरी तीच सर्वांत शेवटी होते. त्यात बायकोचे मोलाचे महिने जातात.

सध्या एएमएच या रक्ततपासणीचा बोलबाला आहे. तिच्यावरून बीजकोषात शिल्लक बीजे किती असावीत याचा अंदाज येतो, आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजे हाती लागतील तेही सांगता येते. पण बीजांचा दर्जा ती दाखवत नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. महिन्याला बीज एकच सुटते, ते मोठ्या साठ्यातून आले की लहान, याने त्या महिन्यापुरता फरक पडत नाही. तिशीतल्या स्त्रीचा आकडा कमी आला म्हणून तिची बीजे चाळिशीची होत नाहीत, आणि बेचाळिशीत आकडा उत्तम आला तरी बीजे तिशीची होत नाहीत.

कोहेसिनची सुटलेली कडी पुन्हा बसवणारे औषध आज उपलब्ध नाही. ‘बीजांचा दर्जा सुधारतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी जास्त बाळे जन्मतात, हे खात्रीने सिद्ध झालेले नाही. आयव्हीएफमुळे एका चक्रात अनेक बीजे मिळतात आणि त्यांत एखादे निर्दोष सापडण्याची शक्यता वाढते, पण प्रत्येक बीजाचे वय तेच राहते. बीजे गोठवली, तर त्यांचे वय त्या दिवशी थांबते. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी गोठवलेल्या दहा बीजांचे मोल चाळिशीत गोठवलेल्या दहांपेक्षा कितीतरी अधिक ठरते. तरीही वितळवताना काही बीजे वाया जातात, उरलेल्यांत काहींचे फलन होत नाही, आणि दहा बीजे हाताशी असली तरी त्यांतून एक बाळ मिळेलच असे कोणालाही सांगता येत नाही.