ओल्या रस्त्यावर लुकलुकणारा दिवा आणि विझायचं नाव न घेणारा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह असतं: छोटीशी मोटार आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेषा. पावसात घाट चढताना हे चिन्ह अचानक लुकलुकायला लागलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. तेच चिन्ह सलग पेटून राहिलं, तर मात्र ‘गाडी नीट चालतेय ना, मग बघू सर्व्हिसिंगच्या वेळी’ असं म्हणून आठवडेच्या आठवडे काढले जातात. खरं तर व्हायला हवं याच्या उलट. लुकलुकणारा दिवा सांगतो की चाक निसटत होतं आणि यंत्रणेने ते सावरलं. सलग पेटलेला दिवा सांगतो की यापुढे चाक निसटलं, तर सावरायला ती यंत्रणा हजर नाही.

या चिन्हामागे सहसा दोन कामं एकत्र असतात. पहिलं ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने चाक जागच्या जागी फिरू लागलं तर त्याला आवर घालण्याचं. दुसरं स्टॅबिलिटी कंट्रोलचं, म्हणजे वळणावर गाडी भरकटू लागली तर तिला मार्गावर आणण्याचं. गाडीनुसार याला ईएससी किंवा ईएसपी म्हणतात. बॉश आणि मर्सिडीज यांनी ही यंत्रणा 1995 साली महागड्या गाडीत आणली. 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास अचानक वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवली आणि ती सामान्य गाड्यांपर्यंत पोहोचू लागली.

ताम्हिणी घाटातलं एक चढाचं, डावीकडे वळणारं अरुंद वळण डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर आहे, कडेला ओला पाला पडलाय. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, जशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या असतात. वळताना गाडीचं वजन उजवीकडे झुकतं आणि आतल्या बाजूच्या, म्हणजे डाव्या पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. चढ असल्यामुळे चालक अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबतो. हलकं झालेलं ते चाक पाल्यावर भर्रकन फिरतं. डिफरन्शियलची रचनाच अशी असते, की एक चाक मोकळं फिरू लागलं तर दुसऱ्यालाही पुरेसा जोर मिळत नाही.

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. डावं चाक बाकीच्यांपेक्षा खूप जोरात फिरतंय हे संगणकाला लगेच कळतं. मग तो एकट्या त्याच चाकाला ब्रेक लावतो, म्हणजे ताकद उजव्या चाकाकडे जाते, आणि त्याच वेळी इंजिनाचा जोरही कमी करतो. चालकाला पुढून ‘गर्रर्र’ असा आवाज येतो, तो ब्रेक-ऑइलच्या पंपाचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही क्षणभर गाडी दबल्यासारखी वाटते आणि दिवा लुकलुकतो. चाकाने पकड घेतली की दिवा विझतो. यात काहीही बिघडलेलं नसतं.

उतारावर भरधाव वळताना काम जरा वेगळं असतं. स्टेअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याची तुलना संगणक सेकंदाला सुमारे 25 वेळा करतो. त्यासाठी स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे सांगणारा दुसरा. गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जाऊ लागली, तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडीचं नाक आत येतं. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी सरळ होते. हे सगळं चालू असतानाही तोच दिवा लुकलुकतो.

अशा वेळी चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करावा, नजर आणि स्टेअरिंग जिकडे जायचंय तिकडेच ठेवावं. घाबरून स्टेअरिंगला हिसके देऊ नयेत. मुख्य म्हणजे, पुढच्या वळणाला वेग कमी करावा, कारण ही यंत्रणा टायरची पकड वाढवत नाही, असलेली पकड नीट वाटून वापरते.

हिशेबच मांडायचा, तर 50 मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण 0.8 धरला, तर ते वळण ताशी 71 किलोमीटरच्या आसपास टायरच्या मर्यादेला पोहोचतं. ओल्या रस्त्यावर गुणांक 0.4 पर्यंत उतरला, तर तीच मर्यादा ताशी 50 वर येते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि रबराची धूळ पाण्यात मिसळून चिकट थर होतो. तिथे गुणांक 0.3 धरला, तर उरतात ताशी 44. ही पकडीची टोकं आहेत, गाडी चालवण्याचे वेग नव्हेत. त्या टोकाच्या पलीकडे गेलेल्या गाडीला कुठलाही संगणक रस्त्यावर ठेवू शकत नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला तर तेच, कारण ब्रेक लावायला चाक रस्त्याला टेकलेलंच नसतं. म्हणून बेताच्या वेगातही दिवा वारंवार लुकलुकत असेल, तर टायरमधली हवा आणि नक्षी आधी तपासावी. नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे, पण पाणी बाहेर फेकायला टायर त्याच्या बराच आधी कमी पडू लागतो.

आता सलग पेटलेल्या दिव्याकडे वळू. सर्वात आधी चिन्हाखाली ‘OFF’ लिहिलंय का ते पाहावं. तसं असेल, तर बहुधा कुणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केलीय. चिखलात रुतलेली गाडी काढताना चाक थोडं फिरू द्यावं लागतं, त्यासाठी हे बटण असतं. गाडी बाहेर निघाली की ते पुन्हा दाबायला विसरू नये. बटणाचा संबंध नसेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावं. दिवा तरीही राहिला, तर तो दोष आहे.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीत हे दोन्ही प्रकार एकाच पावसाळ्यात झाले. ताम्हिणीत दिवा लुकलुकला तेव्हा ते धास्तावले. पुढे काही दिवसांनी तोच दिवा एबीएसच्या दिव्यासकट कायमचा पेटला, तेव्हा ब्रेक नेहमीसारखे लागत होते म्हणून ते गाडी चालवतच राहिले. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर C0035 हा कोड आला, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या वेग-सेन्सरचा दोष. मेकॅनिकने लगेच सेन्सर बदलला नाही. तो स्कॅनर चालू ठेवून गाडी हळू चालवत गेला आणि चारही चाकांचे वेग पाहिले. सरळ रस्त्यावर चारही आकडे 20 दाखवत होते. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की डाव्या पुढच्या चाकाचा आकडा झटकन शून्यावर यायचा.

गाडी वर घेतल्यावर कारण दिसलं. आधी कधीतरी सस्पेन्शनचं काम झालं तेव्हा सेन्सरची वायर धरून ठेवणारी क्लिप परत बसवलेली नव्हती. स्टेअरिंग वळलं की वायर ताणली जायची. तिचं आवरण एका जागी तडकलं होतं आणि आत पाणी जाऊन तांब्यावर हिरवा थर चढला होता. नवीन सेन्सर बसवताना त्याने बैठकीवरचा गंजही साफ केला, कारण सेन्सर आणि फिरणाऱ्या कड्यातलं अंतर मिलिमीटरभरच असतं आणि गंजाने सेन्सर उचलला गेला तरी संकेत तुटतो. मग वायर क्लिपमध्ये बसवली, कोड पुसला आणि गाडी फिरवून चारही आकडे पुन्हा पाहिले. दिवा गेला.

एका वायरसाठी सगळी यंत्रणा का बंद पडावी? कारण तिचं सगळं काम चाकांच्या तुलनेवर चालतं. एका चाकाची खोटी माहिती खरी मानून संगणकाने सरळ रस्त्यावर एकाच बाजूला ब्रेक लावला, तर गाडी भलतीकडे ओढली जाईल. म्हणून शंका आली की तो मुद्दाम बाजूला होतो आणि दिवा पेटवून तसं कळवतो. साधे ब्रेक शाबूत असतात, म्हणूनच चालकाला फरक जाणवत नाही. तो जाणवतो थेट निसटत्या वळणावर.

एबीएसचा दिवा पेटलेला नसेल, तर कारण वेगळं असू शकतं. व्हील अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगच्या सेन्सरचा मध्य चुकलेला असतो, ब्रेक-लाइटचा स्विच खराब असतो किंवा बॅटरी दुबळी झालेली असते. इंजिनाचा दिवाही सोबत असेल, तर मूळ दोष अनेकदा इंजिनात असतो, कारण इंजिनाचा जोर भरवशाने कमी करता येत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोलही थांबतं. मात्र या पिवळ्या दिव्यांसोबत ब्रेकचा लाल दिवा पेटला, तर गाडी पुढे नेऊ नये. ब्रेक-ऑइल तरी कमी झालेलं असतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांतलं ब्रेकचं वाटप तरी बिघडलेलं असतं, आणि मग जोरात ब्रेक दाबताच मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते.

लुकलुकणंही एका प्रसंगी दोषाचं लक्षण ठरतं. कोरड्या रस्त्यावर, सावकाश चालवताना दिवा लुकलुकला किंवा गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल थरथरलं, तर सेन्सर खोटं सांगतोय असं समजावं. वेग-कड्याला तडा गेलेला असतो किंवा बेअरिंग ढिलं झालेलं असतं.

पावसाळ्याआधी एक तपासणी घरच्या घरी होते. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा. हे चिन्ह काही सेकंद पेटलं पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलं पाहिजे. विझलं नाही तर गाडी गॅरेजमध्ये न्या. यंत्रणा असलेल्या गाडीत ते मुळी पेटलंच नाही, तर ते अधिक वाईट, कारण दोष असला तरी सांगायला दिवाच नाही. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी आवर्जून करा. दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी दिवाच बंद करून ठेवलेली गाडी वरून निर्दोष दिसते, आणि तिचा दोष नव्या मालकाला घाटातच कळतो.